रात्रीची मोजणी आणि दुसऱ्या दिवसाची पाळी

सुपरमार्केटच्या दारावर कधीतरी पाटी दिसते, ‘स्टॉक टेकिंगमुळे दुकान आज रात्री 8 वाजता बंद होईल.’ ग्राहक चरफडत परत फिरतो. आत मात्र प्रत्येक साबण, प्रत्येक पुडा, प्रत्येक बरणी हातात धरून मोजायची तयारी चाललेली असते. संगणकात मालाचा आकडा असतोच. पण चोरी, उंदरांनी फोडलेली पाकिटं, चुकीचं बिलिंग, नोंद न करता फेकून दिलेला खराब माल यांमुळे संगणकातला माल आणि रॅकवरचा माल हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. ही तफावत खरी किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आणि मोजणी किती खरी निघेल, हे त्या रात्री मोजणारी माणसं किती ताजीतवानी आहेत यावर ठरतं. म्हणून चांगला मॅनेजर आधी माणसांचे तास मांडतो, मग मालाकडे वळतो.

पुण्याच्या उपनगरातलं एक मध्यम दुकान डोळ्यांसमोर आणू. कर्मचारी 32. दिवस निवडायचा तो पगारानंतरच्या किराणा-गर्दीचा आठवडा सोडून, साधारण महिन्याच्या विसाव्या तारखेच्या आसपासचा मंगळवार. त्या दिवशी रॅकवर माल कमी असतो आणि गिऱ्हाईकही.

तासांचा हिशेब

मोजणी जोडीने होते. एकजण माल पुढे ओढून मोजतो, दुसरा स्कॅनरवर बारकोड आणि नग टिपतो. आठवडाभर आधी प्रत्येक विभागातले दोन-तीन खण घड्याळ लावून मोजून बघायचे. समजा आपल्या दुकानात तांदूळ-डाळीच्या खणाला 12 मिनिटं लागली, बिस्किटं-फरसाणाला 20, प्लास्टिक-भांड्यांना 15 आणि शाम्पू-क्रीमच्या खणाला तब्बल 35. डाळीचे 30 खण म्हणजे 6 तास, बिस्किटांचे 36 म्हणजे 12, सौंदर्यप्रसाधनांचे 24 म्हणजे 14, भांड्यांचे 20 म्हणजे 5. फ्रीज आणि बिलिंग काउंटरजवळची चॉकलेटं मिळून आणखी 3. एका जोडीला एकूण 40 तास लागतील. फेरमोजणीसाठी 6 तास धरले की 46.

आता रात्रीकडे बघू. साडेनऊ ते पहाटे चार हे साडेसहा तास दिसतात. त्यातून अर्धा तास जेवण, दोन वेळचा चहा आणि एका विभागातून दुसऱ्यात जाण्याचा वेळ वजा केला, तर हातात जेमतेम 5 तास उरतात. 46 ला 5 ने भागलं की नवाच्या वर येतं, म्हणजे 10 जोड्या, 20 माणसं. आकडे गोळा करणाऱ्या टेबलावर दोघं आणि एक मॅनेजर धरून 23. राहिलेल्या नऊजणांना रात्री बोलवायचं नाही. दोन्ही दिवस दुकान त्यांच्याच जिवावर चालणार आहे.

विभाग आणि चिठ्ठ्या

गोदाम आदल्या दिवशीच मोजून घ्यायचं. आधी रॅक भरून घ्यायचे, मग गोदाम मोजून कुलूप लावायचं, आणि त्यानंतर बाहेर काढलेल्या प्रत्येक खोक्याची नोंद ठेवायची. दुकानातल्या प्रत्येक खणावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटते. जोडीने वरून खाली, डावीकडून उजवीकडे मोजायचं आणि खण संपला की चिठ्ठी काढून टेबलावर द्यायची. पहाटे चिठ्ठ्या क्रमाने लावल्या आणि 57 नंतर थेट 59 आली, तर 58 नंबरचा खण मोजायचा राहिला हे लगेच कळतं.

जोडी लावताना एक माणूस त्याच विभागातला घ्यावा, कारण मागच्या ओळीत काय दडलंय हे त्याला माहीत असतं. स्कॅनर मात्र दुसऱ्या विभागातल्या माणसाच्या हाती द्यावा. आणि संगणकातला आकडा दोघांनाही दाखवायचा नाही. 24 असायला हवेत हे ठाऊक असलं, की थकलेला माणूस 22 वर थांबतो आणि 24 लिहून मोकळा होतो.

कुठला विभाग कधी मोजायचा, यालाही महत्त्व आहे. बारीक बाटल्या, एकसारख्या ट्यूब, वेगवेगळ्या छटांच्या लिपस्टिक हे सगळं रात्री बाराच्या आत उरकावं. तीननंतर डोळे जड होतात, तेव्हा पाच किलोंची पिठाची पोती आणि बादल्या मोजायला ठेवाव्यात.

तफावत वाचायची कशी

चार ते पाच या तासात टेबलावर मोठ्या तफावतींची यादी निघते. लिंबाचा साबण 18 नग कमी आणि त्याच कंपनीचा गुलाबाचा 18 नग जास्त, असं दिसलं तर चोर शोधत बसू नये. बिलिंगला एकच साबण स्कॅन करून ‘सहा’ दाबायची सवय तिथे असते. चारच्या पॅकचे साबण नेमके चौपट जास्त निघाले, तर पॅकऐवजी वड्या मोजल्या गेल्या. तूरडाळीची 24 पाकिटं जास्त निघाली, तर दुपारी आलेल्या गाडीचं बिल संगणकात चढवायचं राहिलं आहे का, ते आधी पाहावं. म्हणूनच मोजणीच्या दिवशी दुपारनंतर माल घ्यायचा नाही आणि हाताशी असलेलं प्रत्येक बिल रात्री आठच्या आत चढवायचं. महागडं, खिशात मावणारं क्रीम मात्र एकट्यानेच कमी निघालं आणि जोडीला काहीच जास्त नसलं, तर शंका खरी.

खरी तूट पुस्तकातून कमी करताना जीएसटीचाही विचार करावा लागतो. चोरीला गेलेल्या किंवा नष्ट झालेल्या मालावर खरेदीच्या वेळी घेतलेलं कराचं क्रेडिट परत करावं लागतं. त्यामुळे खोटी तूट लिहिली, तर मालकाला करातही फटका बसतो.

दोन दिवसांच्या पाळ्या

दिवसभर काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसाला रात्री मोजायला थांबवणं ही सगळ्यात मोठी चूक. रात्रीच्या 23 जणांनी साडेआठला यावं आणि पाचला निघावं, म्हणजे ती त्यांची त्या दिवसाची एकच पाळी होते. त्या दिवशी दुकान अकराला उघडून आठला बंद करायचं, म्हणजे नऊजणांनाही झेपतं. तरीही काम लांबलंच, तर महाराष्ट्राच्या दुकानं व आस्थापना कायद्यानुसार ओव्हरटाइम दुपटीने द्यावा लागतो. स्त्री कर्मचाऱ्यांना रात्री साडेनऊनंतर थांबवायचं, तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय हवी. पहाटे पाचला ‘रिक्षा मिळेल’ म्हणून कुणालाही सोडून देऊ नये.

दुसऱ्या दिवशीही दुकान अकरालाच उघडायचं. नऊपैकी दोघांनी आठला येऊन संशयास्पद वाटलेले नग ताज्या डोळ्यांनी पुन्हा मोजायचे आणि पाचला घरी जायचं. बाकीचे सातजण साडेदहा ते साडेसात. रात्रीच्यांपैकी आठजण संध्याकाळी पाचला, म्हणजे पूर्ण बारा तासांनी, दुकान बंद होईपर्यंतच्या छोट्या पाळीला येतात. उरलेल्या पंधरांची साप्ताहिक सुट्टी त्याच दिवशी लावायची. हे वेळापत्रक आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर लागलं, तर घरी मुलांची, म्हाताऱ्यांची व्यवस्था करायला वेळ मिळतो आणि ऐनवेळी गैरहजेरी होत नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. प्रत्येक जोडीने विभाग किती वाजता सुरू केला आणि किती वाजता संपवला, हे चिठ्ठीमागे लिहायला सांगायचं. शाम्पूच्या खणाला 35 ऐवजी 42 मिनिटं लागली असतील, तर 24 खणांमागे जवळजवळ तीन तासांचा फरक पडतो. पुढच्या वेळी किती जोड्या लागतील, हे मग अंदाजाने ठरवावं लागत नाही.