एका अंकात दहापट

कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची संशोधनशाळा होती. तिथले रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन विकरांचा अभ्यास करत होते. विकर किती जोमाने काम करणार, हे द्रावणात हायड्रोजन आयन किती आहेत यावर ठरतं. पण ते आकडे लिहायचे कसे? कुठे लिटरमागे ०.१ मोल, तर कुठे ०.०००००००१. शून्यं मोजण्यातच चूक व्हायची. १९०९ साली सोरेन्सननी तोडगा मांडला: आकडा दहाच्या घातांकात लिहा, घातांकापुढचं उणे चिन्ह काढून टाका आणि उरलेली संख्याच सांगा. तोच पीएच. सूत्रात pH = −log[H⁺].

हा केवळ लिहिण्याचा आळस नव्हता. समजा, हायड्रोजन आयनांची साधी फूटपट्टी केली आणि शुद्ध पाण्यासाठी, म्हणजे पीएच ७ साठी, १ मिलिमीटर लांबी दिली. मग पीएच १ च्या आम्लासाठी पट्टी १ किलोमीटर लांब करावी लागेल. उलट, पीएच १३ च्या द्रावणाची खूण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात शोधावी लागेल. लॉगरिदम या सगळ्या पसाऱ्याला समान पायऱ्यांत बसवतो, कारण तो फरक मोजत नाही, पट मोजतो. प्रत्येक पायरी दहापटीची.

म्हणूनच पीएचची सरसकट सरासरी काढता येत नाही, आणि परीक्षेत मुलं हमखास इथेच घसरतात. पीएच ३ आणि पीएच ५ ची हायड्रोक्लोरिक आम्लाची द्रावणं समप्रमाणात मिसळली तर उत्तर ४ नाही. पहिल्यात आयन शंभरपट आहेत. दुसऱ्याने ते जवळपास निम्मे विरळ केले, एवढंच. उत्तर येतं ३.३.

पट मोजण्याची ही सवय बफर समजून घेताना उपयोगी पडते. एक लिटर पाण्यात ०.१ मोल ॲसिटिक आम्ल आणि ०.१ मोल सोडियम ॲसिटेट घेऊ. ॲसिटिक आम्ल सौम्य आहे. त्याचे बहुतेक रेणू आपला हायड्रोजन आयन सोडत नाहीत. सोडियम ॲसिटेटमधून आलेले ॲसिटेट आयन मात्र मोकळे असतात आणि हायड्रोजन आयन मिळाला की लगेच पकडतात. द्रावणात किती हायड्रोजन आयन सुटे राहणार, हे आम्ल आणि ॲसिटेट यांच्या गुणोत्तरावर ठरतं. दोन्ही समान असतील तेव्हा पीएच येतो ४.७६.

आता त्यात ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकू. ते इतकं संहत, की आकारमानात फरक पडू नये. हेच आम्ल लिटरभर शुद्ध पाण्यात पडलं असतं तर पीएच ७ वरून थेट २ वर आला असता, म्हणजे हायड्रोजन आयन एक लाखपट. इथे आलेले आयन ॲसिटेट गिळून टाकतं. ॲसिटेट ०.०९ उरतं, आम्ल ०.११ होतं. गुणोत्तर १ होतं, ते १.२२ झालं. १.२२ चा लॉग ०.०९ च्या आसपास, म्हणून पीएच ४.६७. टाकलेल्या दर दहा हजार आयनांतले फक्त चार सुटे राहिले.

बफर पीएच ‘स्थिर ठेवतं’ असं आपण बोलून जातो, पण ते काही खरं नाही. पीएच सरकतो, फक्त थोडा. गुणोत्तर एकाच्या आसपास असताना दोन्ही बाजूंचा साठा मोठा असतो आणि थोड्या उलाढालीने ते फारसं हलत नाही. आम्लारी टाकली तर ॲसिटिक आम्ल आपला हायड्रोजन आयन देऊन तिला निष्प्रभ करतं. हिशेब तोच, दिशा उलटी.

हा साठा संपतो, तेही हळूहळू नाही. ०.०८ मोल आम्ल टाकल्यावर पीएच ३.८ वर येतो. ०.१ मोल पूर्ण झाले की ॲसिटेट जवळजवळ उरतच नाही आणि पीएच २.७ वर कोसळतो. शेवटच्या ०.०२ मोलने, पहिल्या ०.०८ मोलने पाडली त्याहून मोठी घसरण घडवली.

यातला फसवा भाग असा, की हे बफर पाण्याने दहापट विरळ केलं तरी पीएचमापी जवळपास तोच आकडा दाखवते, कारण आम्ल आणि ॲसिटेट दोन्ही सारखेच विरळ झाले, गुणोत्तर कायम. साठा मात्र दहावा हिस्सा उरला. त्याच्या एका लिटरमध्ये तेच ०.०१ मोल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं की सगळं ॲसिटेट खर्ची पडतं आणि पीएच ३.२ होतो. दोन बाटल्यांवर ४.७६ लिहिलेलं असलं तरी कुठली दमदार आणि कुठली पोकळ, हे मापीच्या आकड्यावरून कळणार नाही. दोन्हींतून थोडं थोडं द्रावण चंचुपात्रात घेऊन, मोजून आम्ल टाकूनच ते बघावं लागतं.