आभार नेमके कशाचे?

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम इथे रक्तदान करणाऱ्याच्या मोबाइलवर दोन संदेश येतात. पहिला रक्त दिल्यानंतर लगेच येतो. त्यात आभार मानलेले असतात. दुसरा येतो तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीसुद्धा. तुम्ही दिलेले रक्त आता रुग्णासाठी वापरले गेले आहे, एवढेच त्यात कळवलेले असते. या दोन संदेशांमध्ये जे अंतर पडते, त्याला रक्तपेढीचे कारण आहे. दिलेल्या रक्तातून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढले जातात. प्लेटलेट साधारण पाच दिवस टिकतात, तर तांबड्या पेशी योग्य द्रावणात आणि थंडीत ४२ दिवसांपर्यंत ठेवता येतात. त्यामुळे रक्त दिले त्या दिवशी त्याचे पुढे काय होणार, हे रक्तपेढीलाही सांगता येत नाही. ते कळते तेव्हाच दुसरा संदेश निघतो.

आपल्याकडच्या शिबिरांत चहा-बिस्किटे मिळतात, प्रमाणपत्र मिळते. प्रमाणपत्रावरचा मजकूर सगळ्यांना सारखाच असतो, फक्त नावाची जागा पेनाने भरलेली असते. त्यात काही वाईट नाही. पण दात्याला त्यातून नवीन काहीच कळत नाही, कारण आपण रक्त दिले हे त्याला आधीच माहीत असते. स्टॉकहोमचा दुसरा संदेश त्याला माहीत नसलेली, आणि दुसऱ्या कोणाकडून कळण्याची शक्यताही नसलेली गोष्ट सांगतो.

आभारातून माहिती जाते, हा विचार मानसशास्त्रज्ञांनी गेल्या दोन दशकांत बारकाईने तपासला आहे. सुरुवात एका निराशाजनक निष्कर्षापासून करायला हवी. अमेरिकेत अन्या सामेक आणि चक लाँगफील्ड यांनी पाच लाखांहून अधिक देणगीदारांच्या नोंदी तपासल्या. त्यातल्या काहींना देणगीनंतर संस्थेकडून आभाराचा फोन गेला होता, काहींना नाही. कोणाला फोन जाणार हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले होते. आभाराच्या फोनमुळे पुढच्या देणग्या वाढतील, असे या क्षेत्रातले जाणकार ठामपणे सांगत होते. प्रत्यक्षात दोन्ही गटांत काहीच फरक आढळला नाही. केवळ आभार पोहोचवले की माणूस पुन्हा पुढे येतो, ही समजूत इतकी भोळी ठेवून चालणार नाही. मग आभारातला कोणता भाग काम करतो?

याचे एक उत्तर सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६च्या अभ्यासात सापडते. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात त्यांनी जोडप्यांना बोलावले. जोडीदाराने अलीकडे आपल्यासाठी केलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल समोरासमोर आभार मानायला सांगितले आणि ते संभाषण चित्रित केले. नंतर प्रशिक्षित निरीक्षकांनी त्यातली वाक्ये तपासली. एका प्रकारच्या वाक्यांत बोलणारा समोरच्याबद्दल बोलत होता: तू किती विचार करून हे केलेस, तू स्वतःची अडचण बाजूला ठेवलीस. दुसऱ्या प्रकारात तो स्वतःला झालेल्या फायद्याबद्दल बोलत होता: माझा वेळ वाचला, मला हायसे वाटले. ज्याचे आभार मानले जात होते, त्याला आनंद कशाने झाला, समोरच्याने आपल्याला ओळखले असे कशाने वाटले? उत्तर पहिल्या प्रकाराच्या बाजूने आले. ‘मला काय मिळाले’ हे कितीही सांगितले, तरी तेवढ्याने तसा फरक दिसला नाही. हा अभ्यास प्रेमातल्या जोडप्यांचा आणि एकाच देशातला आहे. त्यात कारण-परिणाम पुरता सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरे उत्तर कामाच्या ठिकाणचे आहे. अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एका विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. हे काम कंटाळवाणे असते आणि नकार पचवत पचवत करायचे असते. त्यांच्यातल्या एका गटाची भेट त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी करून दिली. भेट काही मिनिटांचीच होती. महिन्याभरानंतर त्या गटातले कर्मचारी फोनवर पूर्वीच्या दुपटीहून अधिक वेळ घालवत होते आणि जमणारी रक्कमही तशीच वाढली होती. दुसऱ्या गटाने त्याच विद्यार्थ्याचे पत्र वाचून आपापसांत चर्चा केली, तिसऱ्याचा त्याच्याशी काहीच संबंध आला नाही. या दोन्ही गटांत अशी वाढ झाली नाही.

या प्रयोगातून दोन गोष्टी निघतात. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे कळणे, ही कामाला बळ देणारी माहिती आहे. पण ती कागदावरून पोहोचवणे सोपे नाही. समोर बसलेला माणूस आपोआप खरा वाटतो, पत्रातला परिणाम तेवढा खरा वाटावा म्हणून लिहिणाऱ्याला कष्ट घ्यावे लागतात.

वरवर पाहता ही दोन उत्तरे एकमेकांच्या विरोधात आहेत. पहिला अभ्यास सांगतो, स्वतःच्या फायद्यावर थांबू नका. दुसरा सांगतो, परिणाम दाखवा. माझ्या मते त्यांचा मेळ बसतो तो परिणाम कोणत्या वाटेने सांगितला आहे, यावर. परिणाम एकटा उभा असेल, तर तो लिहिणाऱ्याची गोष्ट होतो. त्या माणसाने केलेल्या नेमक्या कृतीतून तो निघाला असे दिसले, तर ती त्या माणसाची गोष्ट होते.

एक उदाहरण रचून पाहू. सरकारी नोकरीत असतानाच वडील गेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव त्यांच्या कार्यालयातल्या लिपिकाने तयार केला. कागद जुळवताना त्याला दिसले, की सेवापुस्तकात आईचे नाव माहेरचे आहे आणि आधार व बँक खात्यात सासरचे. प्रस्ताव महालेखापाल कार्यालयाकडे जाण्याआधीच त्याने मुलाला फोन केला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितले आणि ते सोबत जोडले. प्रस्ताव त्रुटीसाठी परत आला नाही.

मुलगा पहिल्यांदा असे लिहील: ‘आपण केलेल्या अमूल्य सहकार्याबद्दल मी आपला शतशः ऋणी आहे.’ वाक्य सभ्य आहे, पण लिपिकाला त्यातून एवढेच कळते की कुणीतरी समाधानी आहे. याच महिन्यात त्याने आणखी पंधरा फायली पुढे सरकवल्या असतील, तर हे आभार नेमके कोणत्या कामाचे, तेही त्याला सांगता येणार नाही.

दुसरा खर्डा: ‘तुमच्यामुळे आमची फार मोठी चिंता मिटली, आईच्या जिवाला घोर होता तो गेला.’ आता परिणाम आला, भावना खरी आहे, पण लिपिकाने काय केले ते अजून दिसत नाही. अल्गो यांच्या वर्गवारीत हे वाक्य स्वतःच्या फायद्याचे ठरेल.

तिसरा खर्डा असा:

‘भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार. आईचे नाव सेवापुस्तकात माहेरचे आणि बँकेत सासरचे आहे, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेत आणि प्रस्ताव पाठवण्याआधी मला फोन केलात. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचे तेही नीट सांगितलेत. त्यामुळे प्रस्ताव एकदाही परत आला नाही. गेल्या महिन्यात आईच्या खात्यात पहिली रक्कम जमा झाली आणि धाकट्या बहिणीची फी आम्हाला कुणाकडे न मागता भरता आली. तुमच्या बारीक नजरेबद्दल मनापासून आभार.’

या पत्रात तीन गोष्टी क्रमाने आल्या आहेत. लिपिकाने काय पाहिले व काय केले, त्यातून फाइलचे काय झाले आणि फाइलमुळे घरात काय घडले. ‘बारीक नजर’ ही स्तुती शेवटी आली आहे. तोवर तिचा पुरावा आधीच्या वाक्यांनी दिलेला असल्याने ती खोटी वाटत नाही. विशेषण आधी आणि पुरावा नाहीच, अशी उलटी मांडणी झाली की स्तुती खुशामतीकडे झुकते.

पत्र जमले की नाही, हे तपासायचा एक मार्ग मला उपयोगी वाटतो. पत्र वाचून त्या माणसाला उद्या तेच काम पुन्हा करता येईल का, हे पाहायचे. तिसऱ्या पत्रातून लिपिकाला कळते, की दोन कागदांतली नावे ताडून पाहणे आणि कागद पुढे जाण्याआधी फोन करणे, या दोन सवयींनी फरक पडला. पहिल्या पत्रातून त्याला सवय कोणती, हेच कळत नाही.

असे लिहिण्यापासून माणसे का मागे हटतात, हे अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०१८च्या प्रयोगांतून दिसले. आभाराचे पत्र लिहिणाऱ्यांना त्यांनी आधी विचारले, पत्र मिळणाऱ्याला काय वाटेल? मग पत्र मिळालेल्यांना विचारले, खरोखर काय वाटले? लिहिणाऱ्यांचा अंदाज ठरावीक दिशेने चुकत होता. समोरचा अवघडेल, असे त्यांना प्रत्यक्षाहून जास्त वाटत होते आणि त्याच्या आनंदाचा अंदाज कमी पडत होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची आहे. आभार कशासाठी मानले आहेत, हे वाचून समोरच्याला किती आश्चर्य वाटेल, याचाही अंदाज कमी पडला. ‘त्यांना माहीतच आहे’ असे धरून आपण कारण गाळतो, आणि नेमके तेच त्यांना माहीत नसते. लिहिणारे आपले शब्द बरोबर आहेत का, याची काळजी करत असतात, तर वाचणाऱ्याचे लक्ष त्यातल्या जिव्हाळ्याकडे असते.

नेमकेपणाचेही धोके आहेत. पहिला धोका श्रेय चुकण्याचा. नावातला फरक लिपिकाने पकडला, पण प्रस्तावावर सही करून तो वेळेत पाठवणारा अधिकारी दुसरा होता. सगळे एकाच्या नावावर टाकले, तर पत्र कार्यालयात फिरल्यावर लिपिकालाच संकोच होईल. म्हणून आपण पाहिले तेवढेच लिहावे, आणि दुसऱ्याचा वाटा माहीत असेल तर तोही सांगावा. दुसरा धोका परिणाम फुगवण्याचा. ‘तुमच्यामुळे आमचे घर वाचले’ असे लिहिले, की वाचणाऱ्याला ते खरे नाही हे कळते आणि बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वासही ढळतो. तिसरा धोका आभाराला विनंती जोडण्याचा. शेवटी ‘बहिणीच्या कामातही लक्ष घालावे’ असे आले, की आधीची सगळी वाक्ये त्या विनंतीची प्रस्तावना ठरतात.

काही वेळा चांगला परिणाम सांगायला उरलेलाच नसतो. रुग्ण वाचला नाही, तरी रात्रपाळीच्या परिचारिकेने दर दोन तासांनी कूस बदलून दिली, म्हणून शेवटच्या दिवसांत पाठीला जखम झाली नाही. हाही परिणाम आहे. बिछान्याला खिळलेल्या माणसाला एकाच जागी दाब पडत राहिला की त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो आणि जखमा होतात. त्या टाळणे हे कौशल्याचे आणि न दिसणारे काम आहे. कुटुंबाने ते लिहून कळवले नाही, तर न झालेल्या जखमेची नोंद कुठेच होत नाही.

परिणाम अजून कळलेला नसेल, तर आभार त्यासाठी थांबवू नयेत. आज कृतीबद्दल चार ओळी लिहाव्यात आणि पुढे काय झाले ते कळले की पुन्हा दोन ओळी पाठवाव्यात. ही दुसरी चिठ्ठी सहसा कोणी पाठवत नाही. काम करणाऱ्याला मात्र आपल्या कामाचा शेवट कळण्याची तीच एक वाट असते.