ऑक्टोपस टाकीतून पळतो कसा, आणि बाटलीशी खेळतो का?

आजची गोष्ट न्यूझीलंडच्या नेपियर शहरातल्या मत्स्यालयाची. तिथे इंकी नावाचा ऑक्टोपस होता. एका रात्री टाकीचं झाकण थोडं उघडं राहिलं. इंकी फटीतून बाहेर आला, जमिनीवरून सरपटत गेला आणि जेमतेम 15 सेंटिमीटर रुंद पाइपात शिरला. तो पाइप थेट समुद्रात जातो. 2016 च्या एप्रिलमध्ये ही बातमी जगभर झाली.

हे जमतं कारण त्याला हाडंच नाहीत. पूर्वजांचं कवच उत्क्रांतीत गळून गेलं. उरले ते स्नायू, आणि ते पाण्याने भरलेल्या फुग्यासारखे वागतात: एका बाजूने दाबलं की दुसरीकडे लांबतात, आकारमान तेवढंच राहतं. अगदी कडक भाग एकच, तो म्हणजे पोपटासारखी चोच. चोच गेली की बाकीचा ऑक्टोपस बहुतेक वेळा मागून येतोच.

पण कवच नाही म्हणजे संरक्षणही नाही. मग लपायला रंग. कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात आणि प्रत्येकीभोवती स्नायू. स्नायूंनी ओढलं की पिशवी पसरते आणि रंग दिसतो, सोडलं की ती ठिपक्याएवढी होते. हुकूम मज्जातंतूंमधून येतो, म्हणून सेकंदाच्या आत सगळा रंग पालटतो. (आमच्या ऑफिसात बटणाचा रंग बदलायला दोन मीटिंग लागतात.) गंमत म्हणजे बहुतेक ऑक्टोपसना स्वतःला रंग ओळखता येत नाहीत.

आता खेळ. सिएटलच्या मत्स्यालयात जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन यांनी आठ ऑक्टोपसना, एका वेळी एकालाच, औषधाची रिकामी, तरंगणारी बाटली दिली. खायला काही नाही, नुसती बाटली. आधी सगळ्यांनी तेच केलं: हातांनी चाचपली, तोंडाशी नेली, सोडून दिली. पण पुढे दोघांनी वेगळंच काढलं. नळीतून पाण्याचा झोत मारून बाटली टाकीच्या पलीकडच्या टोकाला ढकलायची. टाकीतल्या प्रवाहाने ती फिरून परत यायची. आली की पुन्हा झोत! आपण भिंतीवर चेंडू मारतो ना, तसं.

आता तुम्ही म्हणाल, नकोशी वस्तू हाकलत असेल. शंका रास्त आहे, कारण त्रास देणाऱ्या गोष्टीवर ऑक्टोपस असाच झोत मारतो. पण हाकलायचंच असतं तर बाटली नवी असताना हाकलली असती. इथे ओळख झाल्यावर, पोटापाण्याचा काही संबंध नसताना, तीच कृती पुन्हा पुन्हा झाली. प्राण्यांमधला खेळ ओळखायची खूण हीच. आठपैकी दोघंच खेळले हेही विसरू नका. उरलेल्या सहांना बाटलीत रस नव्हता, एवढंच म्हणता येतं. त्यामुळे 'ऑक्टोपस खेळकर असतात' असं सरसकट लिहिणाऱ्या पोस्टवर माझा तरी भरवसा नाही. काही ऑक्टोपस खेळतात, एवढं मात्र मी मानतो.