शून्य शिल्लक, पण कोणतं खातं?

मूलभूत बचत खात्यात एक रुपयाही शिल्लक नसली तरी दंड नाही. एटीएम कार्ड फुकट, पैसे भरण्यावर बंधन नाही, महिन्यातून किमान चार वेळा काढणंही मोफत.

अडचण येते कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘छोट्या खात्या’त. तिथे आर्थिक वर्षात एकूण एक लाखच जमा होऊ शकतात आणि महिन्याला दहा हजारच काढता येतात. रोज ६०० रुपये मिळवणाऱ्या गवंड्याच्या हाताखालच्या मजुराचे २५ दिवसांचे १५,००० होतात. म्हणजे पहिल्याच महिन्यात पाच हजार अडकतात आणि वर्षाच्या सातव्या महिन्यात पूर्ण मजुरी जमा होत नाही. आधार किंवा रोजगार हमीचं जॉब कार्ड देऊन केवायसी पूर्ण केली, की या दोन्ही मर्यादा उठतात. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.