रॉ फायलींसाठी लॅपटॉप

४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल डिस्कवर साधारण ५० एमबी असते; पण संपादनासाठी १६ बिटमध्ये उघडली की प्रत्येक पिक्सेलच्या तीन रंगांना दोन-दोन बाइट लागतात आणि एकच थर २७० एमबी होतो. पाच थर झाले की सव्वा जीबीहून जास्त. मेमरी अपुरी पडली, तर संगणक डिस्कचा आधार घेतो आणि ब्रश अडखळू लागतो. त्यामुळे १६ जीबी किमान, ३२ जीबी योग्य. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डवरच पक्की जोडलेली असते, म्हणून हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो.

पडद्याच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसले, तर तो टाळावाच. असा पडदा एसआरजीबीचे रंगही पूर्ण दाखवत नाही. नवरीच्या लाल शालूवरची वीण त्यावर सपाट दिसते आणि छायाचित्रकार नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. वेबसाठी पूर्ण एसआरजीबी पुरते. छपाईसाठी अ‍ॅडोबी आरजीबीची व्याप्ती पाहावी, कारण छापता येणारे काही निळे-हिरवे रंग एसआरजीबीबाहेर असतात.

कार्ड रीडर यूएचएस-२ असावा. यूएचएस-१ रीडरमध्ये वेगवान कार्डही सेकंदाला सुमारे ९० एमबीनेच वाचले जाते. ६४ जीबीला बारा मिनिटे लागतात.