नावांच्या रकान्यातील रफार आणि जोडाक्षरे

छापील यादी स्कॅन करून ओसीआरने तिचा मजकूर काढला की आकडे बहुधा ठीक येतात, नावे मात्र फसतात. आणि नावांत सर्वांत जास्त फसतात ती जोडाक्षरे. एखाद्या पतसंस्थेची जुनी छापील सभासद यादी आजच्या संगणकातील यादीशी ताडायची आहे असे समजू. छापील पानावर ‘कुलकर्णी’ आहे, पण रकान्यात ‘कुलकणीं’ उतरले आहे. ‘शिर्के’ची ‘शिकें’ झाली आहे आणि ‘विद्याधर’चा ‘विघाधर’. हा रकाना तसाच जुळवणीला लावला तर अर्धीमुर्धी नावे जुळत नाहीत, आणि त्याहून वाईट म्हणजे काही चुकीच्याच माणसाशी जुळतात.

या चुका मन मानेल तशा होत नाहीत. रफार शिरोरेघेच्या वर बसतो. त्याच्याच शेजारी वेलांटीचा किंवा मात्रेचा फराटा असतो, आणि बारीक टायपात दोन्ही एकमेकांना चिकटतात. शाई पसरली की रफाराचा आकडा टिंबासारखा दिसतो, म्हणून ‘र्णी’चे ‘णीं’ आणि ‘र्के’चे ‘कें’ होते. ‘द्य’मधला य द च्या पोटाशी गुंतलेला असल्याने त्याचा ‘घ’ वाचला जातो. ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांच्यातला फरक तर खालच्या एका लहानशा वळणाचा असतो. ‘त्त’मधली आडवी रेघ फिकी झाली की एकेरी ‘त’ उरतो. त्यातच टेसरॅक्टसारखी आजची साधने एकेक अक्षर सुटे न वाचता सबंध ओळ वाचतात आणि शिकलेल्या मजकुराकडे झुकतात. विशेषनामे त्या मजकुरात कमी असल्याने तिथे अंदाज चुकण्याची शक्यता वाढते.

दोन शब्द किती जवळचे आहेत हे मोजण्याची रूढ रीत म्हणजे एकातून दुसरा मिळवायला किती चिन्हे घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजणे. देवनागरीत ती इथे दगा देते. संगणकात ‘शिर्के’ हा शब्द श, ि, र, ्, क, े अशा सहा चिन्हांनी साठवलेला असतो; रफार डोळ्यांना क च्या डोक्यावर दिसला तरी साठवणीत तो क च्या आधी येतो. ‘शिकें’मध्ये श, ि, क, े, ं अशी पाच चिन्हे आहेत. ‘शिकें’चे ‘शिर्के’ करायला र आणि हलन्ताचे चिन्ह घालावे लागते व अनुस्वार काढावा लागतो, म्हणजे तीन बदल. ‘शिकें’चे ‘शिंदे’ करायलाही तीनच बदल लागतात. छापील पान पाहणारा माणूस क्षणात ‘शिर्के’ म्हणेल, पण या मोजमापाला दोन्ही आडनावे सारखीच जवळची वाटतात. म्हणून जुळवणीआधी दुरुस्ती हवी, आणि ती अक्षरांच्या दिसण्याशी इमान राखणारी हवी.

पहिली पायरी म्हणजे मूळ रकाना जसाच्या तसा ठेवून शेजारी नवा रकाना उघडणे आणि प्रत्येक ओळीसमोर पानाचा व ओळीचा क्रमांक नोंदवणे. हे केले नाही तर पुढे शंका आल्यावर मूळ चित्राकडे परतता येत नाही.

त्यानंतर चिन्हांची एकवाक्यता. दिसायला तंतोतंत सारखे शब्द संगणकात वेगवेगळे साठवलेले असू शकतात. मराठीत याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतला अर्धा र. तो कधी ‘ऱ’ आणि हलन्ताने लिहिलेला असतो, तर कधी साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य सांधणारे चिन्ह यांनी. पायथॉनमध्ये ही सफाई एवढ्यात होते:

```python
import re, unicodedata

def saaf(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200c\u200d]", "", s)
    return " ".join(s.split())
```

यात क्रम महत्त्वाचा आहे. अदृश्य चिन्हे आधी पुसली तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या ‘गोऱ्हे’चे ‘गोर्हे’ होते आणि सफाईच नवी चूक जन्माला घालते. हीच सफाई दोन्ही याद्यांवर करायची असते. एकीवर करून दुसरी तशीच ठेवण्याने काही साधत नाही.

आता खरी दुरुस्ती. तिच्यासाठी नावांचा कोश लागतो, आणि आडनावांचा कोश व पहिल्या नावांचा कोश वेगळे असलेले बरे. ‘शर्मा’चा रफार गळला की ‘शमा’ उरते. आडनावाच्या जागी ते संशयास्पद आहे, पहिल्या नावाच्या जागी मात्र ते धडधडीत खरे नाव आहे. हा कोश केवळ ज्या यादीशी ताडायचे तिच्यातून बनवणे धोक्याचे, कारण मग जुन्या यादीतला, पण नव्या यादीत नसलेला माणूस ओढूनताणून तिथल्या कुणाच्या तरी नावात बसवला जातो.

कोशात असलेल्या शब्दाला हात लावायचा नाही, हा मुख्य नियम. नाहीतर ‘घ’चा ‘द्य’ करताना ‘घाटगे’ आणि ‘घोरपडे’ही बिघडतील. कोशात नसलेल्या शब्दावरच ओळखीचे बदल करून पाहायचे: शेवटी ‘ीं’ किंवा ‘ें’ असेल तर अनुस्वार काढून शेवटच्या व्यंजनाआधी ‘र्’ घालणे, नुसता अनुस्वार काढणे, ‘घ’च्या जागी ‘द्य’, ‘द्ध’च्या जागी ‘द्व’, ‘त’च्या जागी ‘त्त’. यातून कोशातला एकच शब्द निघाला तर तो स्वीकारायचा. दोन निघाले किंवा एकही नाही निघाला तर ओळ माणसाकडे जाते.

‘कुलकणीं विघाधर दतात्रय’ ही कल्पित ओळ घेऊ. रफाराच्या नियमाने पहिल्या शब्दाचे ‘कुलकर्णी’ होते. नुसता अनुस्वार काढून आलेले ‘कुलकणी’ कोशात नसते. दुसऱ्याचे ‘विद्याधर’ आणि तिसऱ्याचे ‘दत्तात्रय’ होते. नव्या यादीत ‘दत्तात्रेय’ असेल, तर तो वाचनाचा दोष नव्हे, लेखनाचा पर्याय आहे. तो दुरुस्त करायचा नसतो. जुळवणीच्या वेळी दोन्ही रूपे एक मानायची असतात. ‘उद्धव’ आणि ‘उध्दव’ यांचेही तसेच, कारण ‘ध्द’ अनेकदा टंकलेखकानेच घातलेला असतो.

‘कालें’ मात्र अडतो. ते रफार बिघडलेले ‘कार्ले’ असू शकते किंवा शाईचा ठिपका पडलेले ‘काले’. दोन्ही आडनावे आहेत, तेव्हा मूळ पान पाहण्याला पर्याय नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छपाईत अनुच्चारित अनुस्वारही भरपूर सापडतात, म्हणून तशा यादीत ‘गांवकर’सारख्या शब्दातला अनुस्वार दोष समजून चालत नाही.

नियम बरोबर चालले की नाही हे कळण्यासाठी कोणत्या नियमाने किती शब्द बदलले ते मोजावे आणि प्रत्येकाचे काही बदल चित्राशी पडताळावेत. एखादा नियम बाकीच्यांपेक्षा अवाच्या सवा चालला असेल तर त्याचे सगळेच बदल तपासावे लागतात.

एक चूक या सगळ्यातून निसटते. ‘कार्ले’चा रफार पूर्ण गळून ‘काले’ वाचले गेले, तर तो शब्द कोशात असल्याने कुणी थांबवत नाही. तिथे सभासद क्रमांक, वडिलांचे वा पतीचे नाव आणि गाव हे शेजारचे रकानेच उपयोगी पडतात: क्रमांक व गाव जुळते आणि आडनावात फक्त रफाराचा फरक आहे अशा जोड्या वेगळ्या काढून पानावर पाहिल्या, तर त्यांतल्या बऱ्याच सापडतात. शेजारचे रकानेही अपुरे असतील तर ती ओळ न जुळलेली म्हणूनच सोडावी लागते.