क्रोशाची टोपी घरबसल्या विकायची आहे? आधी हिशेब मांडा

आपल्या घरांत क्रोशाची सुई चालवणाऱ्या हातांची कमी नाही. नमाजाच्या टोप्या, लहान मुलांचे मोजे, रुमालाची किनार हे सगळे अम्मी-नानीकडून शिकून घेतलेले असते. आता "ऑनलाइन विका" असे प्रत्येकजण सांगतो, पण ऑर्डर आल्यावर टोपीची किंमत किती सांगायची, पैसे कसे घ्यायचे आणि ती ग्राहकाच्या दारापर्यंत कशी पोहोचवायची, हे कोणी सांगत नाही. म्हणून या लेखात एकच वस्तू घेऊ. हाताने विणलेली, सुती दोऱ्याची, पुरुषांची टोपी. तिचा हिशेब नीट समजला, तर इतर वस्तूंचा हिशेबही तसाच मांडता येईल.

किंमत कशी ठरते

बाजारात मशीनची टोपी अगदी स्वस्त मिळते. तिच्याशी किमतीत बरोबरी करायला गेलात तर पहिल्या महिन्यातच सुई खाली ठेवावी लागेल. तुमची टोपी घेणारा ग्राहक वेगळा आहे. त्याला मापाची, मऊ, आपल्या पसंतीच्या रंगाची टोपी हवी आहे. कोणाला निकाहासाठी हवी असते, कोणाला हाजींना भेट देण्यासाठी.

समजा, मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याने एक टोपी विणायला पाच तास लागतात. दोरा ४५ रुपयांचा. पिशवी, पुठ्ठा, लिफाफा आणि चिकटपट्टी मिळून १५ रुपये. पोस्टाचा खर्च कराधरून ८० रुपये धरू. प्रत्यक्षात तो वजन आणि अंतरावर ठरतो, म्हणून आपल्या पोस्टात एकदा विचारून घ्या. हे झाले १४० रुपये. टोपी पोस्टखर्चासह ३५० रुपयांना विकली तर हातात २१० रुपये उरतात, म्हणजे तासाला ४२ रुपये. हीच टोपी कोणी "२०० ला द्या ना" म्हणाले, तर पाच तासांचे ६० रुपये उरतात, तासाला १२. घासाघीस सुरू झाली की हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

आता एक साधी गोष्ट पाहा. पोस्टाचा दर वजनाच्या टप्प्यांनी वाढतो, आणि टोपी इतकी हलकी असते की एक पाठवा वा दोन, खर्च बहुधा सारखाच येतो. म्हणून बाप-लेकाची जोडी विका. दोन टोप्यांचा दोरा ९० रुपये, बांधणी १८ रुपये, पोस्ट तेच ८०. एकूण १८८. जोडी ६५० रुपयांना दिली तर ग्राहकाचे ५० रुपये वाचतात आणि तुम्हाला ४६२ रुपये उरतात. दोन्ही टोप्यांना मिळून दहा तास धरले तरी तासाला ४६ रुपये पडतात. मुलाची टोपी लहान, तिला दोरा आणि वेळ कमी लागतो, त्यामुळे खरी कमाई याहून थोडी जास्तच.

सुरुवात कुठून करावी

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर थेट दुकान थाटण्यापेक्षा पहिल्या वीस-पंचवीस टोप्या व्हॉट्सॲप बिझनेसवरून विका. हे ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो. टोपीचा फोटो, किंमत आणि माहिती एकदा भरली की ती लिंक नातेवाइकांच्या, मोहल्ल्याच्या, मदरशातल्या ओळखीच्या गटांत पाठवता येते. यासाठी वेगळे सिमकार्ड घ्या. घरचा नंबर अनोळखी लोकांच्या हाती जात नाही आणि रात्री दुकान "बंद" करता येते.

फोटो खिडकीजवळ सकाळी काढा, थेट उन्हात नको. पांढरी टोपी फोटोत हमखास करडी दिसते, कारण मोबाइलचा कॅमेरा जास्त पांढरे पाहून उजेड कमी करतो. स्क्रीनवर टोपीवर बोट टेकवा आणि उजेड थोडा वाढवा. टोपी उपड्या वाडग्यावर ठेवली की तिचा आकार दिसतो. कोणाचा चेहरा दाखवायची गरज पडत नाही. एक फोटो मापपट्टी शेजारी ठेवून काढा आणि एक जवळून, वीण दिसेल असा.

टोपी परत येते ती मापामुळे

"मोठी", "मध्यम", "लहान" हे शब्द लिहू नका, इंच लिहा. ग्राहकाला सांगा: भुवयांच्या दोन बोटे वरून, कानांच्या वरून, डोक्याभोवती दोरा गुंडाळा आणि तो दोरा फुटपट्टीवर मोजा. समजा माप २२ इंच आले. सुती वीण वापरून सैल पडते, म्हणून टोपी अर्धा इंच कमी, साडेएकवीस इंचांची विणा. मात्र दोरा धुतल्यावर किती आटतो हे आधी पाहायला हवे. नव्या दोऱ्याची पहिली टोपी विकू नका. ती मोजा, धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. जो फरक येईल तो पुढच्या प्रत्येक टोपीच्या मापात धरा. रंगीत दोरा असेल तर तीच टोपी ओल्या पांढऱ्या कपड्यावर घासून रंग सुटतो का तेही पाहा.

रंग थोडा सुटत असेल तर तसे लिहा. एखादा टाका दुरुस्त केलेला असेल तर त्याचा फोटो दाखवा. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा शोधणाऱ्या आणि ओले धान्य वर ठेवायला सांगणाऱ्या आपल्या प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची ही शिकवण आहे. ऑनलाइन ग्राहकाला तर ढिगात हात घालताच येत नाही. त्याच्याकडे फक्त तुमचा फोटो आणि तुमचे शब्द असतात.

हीच गोष्ट ऑर्डरवर विणून देण्याच्या व्यवहारालाही लागू आहे. वस्तू बनवून देण्याच्या अशा कराराला फिकहमध्ये इस्तिस्ना म्हणतात. हनफी उलमांनी तो जायज मानला आहे, पण वस्तूचे वर्णन स्पष्ट हवे. कोकणातल्या आणि इतर शाफई घरांनी आगाऊ पैशांच्या व्यवहाराबद्दल आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. व्यवहार म्हणूनही हे फायद्याचे आहे. ऑर्डर पक्की करताना एकच संदेश पाठवा: "रंग पांढरा, घेर साडेएकवीस इंच, उंची साडेतीन इंच, किंमत पोस्टखर्चासह ३५०, पोस्टात टाकण्याची तारीख अमुक." समोरून "कबूल" आले की सुई हातात घ्या. पुढे वाद झाला तर हाच संदेश दोघांच्या कामी येतो.

पैसे आणि फसवणूक

सुरुवातीला पैसे आधी घ्या. पार्सल मिळाल्यावर पैसे, हा प्रकार नको, कारण ग्राहकाने दार उघडले नाही तर जाण्या-येण्याचा खर्च तुमच्या माथी. पैसे आले का हे ग्राहकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून ठरवू नका, तो बनावट असू शकतो. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली दिसली तरच टोपी पाठवा. कोणी "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणाले तर बोलणे तिथेच थांबवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. एकदम पन्नास टोप्यांची ऑर्डर देऊन किंमतही न विचारणारा माणूस बहुधा याच जातीचा असतो.

बांधणी आणि पोस्ट

टोपी अर्धी दुमडून आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. पावसाळ्यात लिफाफा भिजतोच. दुमड बसू नये म्हणून मागे पातळ पुठ्ठा ठेवा आणि मग जाड लिफाफ्यात घाला. आत एका चिठ्ठीवरही ग्राहकाचे नाव, पत्ता आणि मोबाइल लिहा. वरचा कागद फाटला तरी पार्सल हरवणार नाही. पिनकोड ग्राहकाकडून लिहून घ्या, अंदाजाने टाकू नका. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून घरचा द्यायचा नसेल तर शोहरच्या वा भावाच्या दुकानाचा द्या, पण पत्ता हवाच. नाहीतर न पोहोचलेली टोपी परत कुठे येणार?

स्पीड पोस्ट करा आणि पावती जपा. तिच्यावर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, शेवटी IN. त्याचा फोटो ग्राहकाला लगेच पाठवा. पार्सल कुठवर पोहोचले हे त्याला www.indiapost.gov.in वर पाहता येते आणि "कधी येणार" असे दहा फोन वाचतात.

मोठ्या बाजारपेठेवर केव्हा जावे

पंचवीसेक टोप्या गेल्या, कोणते माप आणि रंग जास्त खपतात हे कळले, की मग मोठ्या बाजारपेठेचा विचार करा. तिथे पॅन आणि बँक खाते लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढाल मर्यादेत असलेल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणी न करता, www.gst.gov.in वरून फक्त एनरोलमेंट क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरती अशा बाजारपेठेवर विक्री करता येते. राज्याबाहेर विक्रीचे नियम वेगळे आहेत आणि हस्तकलेच्या वस्तूंना त्यात काही सवलती आहेत. म्हणून बाहेरच्या राज्यात विक्री सुरू करण्याआधी एकदा कर सल्लागाराला भेटा.

नोंदणी करताना कमिशनपेक्षा परतीच्या खर्चाचा तक्ता आधी वाचा. समजा दहा टोप्या गेल्या, दोन परत आल्या आणि प्रत्येक परतीचे १६० रुपये तुमच्यावर पडले. आठ टोप्यांचे १,६८० उरले होते, त्यातून ३२० गेले. १,३६० राहिले. तासाला ४२ वरून थेट ३४ रुपयांवर आलात, तेही परतलेल्या टोप्या स्वच्छ आणि पुन्हा विकण्याजोग्या असतील तर. म्हणून तिथली किंमत हा तोटा धरूनच ठेवा. प्रत्येक पार्सल बांधताना आणि परत आलेले उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. दुसरीच टोपी परत आली तर तक्रार करायला तोच पुरावा लागतो.

रमजानची ऑर्डर शाबानमध्ये संपवा

सर्वात जास्त मागणी ईदच्या आधी येते आणि सर्वात जास्त शब्द तेव्हाच मोडले जातात. घरकामातून रोज दोन तास मिळत असतील तर महिन्याला साठ तास, म्हणजे बारा टोप्या. चाळीस ऑर्डरी घेतल्या तर अठ्ठावीस घरांत ईदला तुमची टोपी पोहोचणार नाही. रजब आणि शाबानमध्ये चालत्या मापांच्या पांढऱ्या टोप्या विणून ठेवा. रमजानमध्ये त्याच विका आणि पंधराव्या रोजानंतर नवीन ऑर्डर घेऊ नका. पोस्टाला आठवडा लागला तरी टोपी चाँदरातीच्या बऱ्याच आधी पोहोचेल, आणि शेवटचा अशरा तुम्हालाही इबादतीसाठी मोकळा मिळेल.